682 स्टिकरचा अल्बम आणि अर्ध्यावरचा हिशेब

2018 च्या जूनमधली गोष्ट. ताई इंग्लंडमध्ये राहते. फुटबॉलचा विश्वचषक नुकताच सुरू झाला होता आणि भाच्याच्या शाळेत पानिनीच्या अल्बमचं वेड शिगेला पोचलं होतं. मोदेना या इटालियन गावातली ही कंपनी 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून हा उद्योग करते आहे. अल्बम स्वस्तात घ्यायचा, मग खेळाडूंच्या स्टिकरची बंद पाकिटं विकत आणायची, फोडायची आणि चिकटवायची. त्या वर्षीच्या अल्बममध्ये 682 रिकाम्या जागा होत्या. एका पाकिटात पाच स्टिकर, ब्रिटनमधली किंमत 80 पेन्स.

भाच्याने फोनवर आनंदाने सांगितलं, "मामा, अर्धा झाला! 341!" मागून ताईचा आवाज आला, "95 पाकिटं फोडलीत त्याने आत्तापर्यंत. 76 पौंड. आणखी तेवढेच जाणार म्हणजे." भाच्याचंही गणित तेच होतं: अर्ध्याला 95, तर पूर्णाला 190.

मी म्हटलं, "अगं, तेवढेच नाही. आणखी सातशे."

पलीकडे जी शांतता पसरली तिचा अर्थ मला कळला. पुढचा हिशेब तिला पटवून देण्यासाठी मी जे केलं, तेच इथे सविस्तर मांडतो.

सुरुवात लुडोच्या फाशापासून करू, कारण त्यात सगळं आहे. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, हे आपण लहानपणी सोसलेलं असतं. सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणून त्यासाठी सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो. कधी पहिल्याच फेकीत पडतो, कधी वीस वेळा टाकूनही रुसून बसतो, पण सरासरी सहाच. आता प्रश्न थोडा बदलू. एक ते सहा हे सगळे आकडे निदान एकदा दिसेपर्यंत फासा टाकत राहायचं. किती फेकी लागतील?

पहिली फेक वाया जात नाही, जे पडेल ते नवीनच. एक आकडा हाती आला की नवीन पडण्याची शक्यता सहात पाच, म्हणजे सरासरी 6/5 फेकी. मग 6/4, मग 6/3, मग 6/2, आणि शेवटच्या उरलेल्या एकाच आकड्यासाठी पूर्ण 6. या सगळ्यांची बेरीज 14.7 येते. त्यातल्या 6 फेकी एकट्या शेवटच्या आकड्याने खाल्ल्या आणि शेवटच्या दोघांनी मिळून 9. पहिल्या चार आकड्यांचं काम सरासरी 5.7 फेकींत उरकलं होतं.

अल्बम म्हणजे 682 बाजूंचा फासा. जितक्या जागा रिकाम्या, तितकी पुढचा स्टिकर नवा निघण्याची शक्यता. रिकाम्या जागा 682 असतील तर प्रत्येक स्टिकर नवा. 341 असतील तर दर दोनातला एक नवा. 50 उरल्या तर एका नव्यासाठी सरासरी 682/50, म्हणजे साडेतेरापेक्षा थोडे जास्त स्टिकर. एकच उरला तर 682. सगळ्या टप्प्यांची बेरीज करायची तर 682 बाहेर काढून आत 1 + 1/2 + 1/3 असं 1/682 पर्यंत मिळवत जायचं. ही आतली बेरीज साधारण 7.103 भरते. हातानं 682 अपूर्णांक मिळवायची गरज नाही: 682 च्या नैसर्गिक लॉगॅरिदममध्ये, म्हणजे ln(682) मध्ये, 0.577 मिळवले की काम भागतं. 682 गुणिले 7.103 म्हणजे सुमारे 4,844 स्टिकर.

ताईला मी आधी एवढंच सांगितलं. तिचा पहिला आक्षेप मात्र अगदी बरोबर होता. "पण एका पाकिटात दोन सारखे कधीच निघत नाहीत. तुझा फासा तर तेही टाकेल." खरंय. पाकिटातले पाचही वेगळे असतील तर हिशेब किंचित सुधारतो, पण किंचितच. आकडा 4,844 वरून 4,832 च्या आसपास येतो, म्हणजे बारा स्टिकरचा फायदा, अडीच पाकिटं. पाच स्टिकर 682 च्या ढिगातून उचलले तर त्यांत दोन सारखे येण्याची शक्यता मुळातच दीड टक्क्याच्या आत असते, मग ती बंद केल्याने मोठं काय वाचणार? कार्डिफ विद्यापीठाचे गणितज्ञ पॉल हार्पर यांनी त्या वर्षी हाच हिशेब मांडला होता. त्यांचा आकडा 967 पाकिटं आणि 773 पौंड 60 पेन्स. ब्रिटिश वर्तमानपत्रांत तो झळकला आणि कित्येक घरांत माझ्या ताईच्या घरासारखी शांतता पसरली असणार.

कागदावरच्या बेरजेवर विश्वास बसत नसेल तर संगणकाला हजार अल्बम भरायला लावता येतात:

```python
import random

def album(n=682, k=5):
    have, packs = set(), 0
    while len(have) < n:
        have.update(random.sample(range(n), k))
        packs += 1
    return packs

runs = [album() for _ in range(1000)]
print(sum(runs) / len(runs))
```

उत्तर दर वेळी थोडं हलतं, पण 966 च्या आजूबाजूलाच राहतं.

आता भाच्याच्या "अर्धा झाला" कडे परत येऊ. पहिल्या 341 जागा भरायला अपेक्षित स्टिकर 472, म्हणजे साडेचौऱ्याण्णव पाकिटं. त्याची 95 पाकिटं लागली होती, म्हणजे नशीब ना चांगलं ना वाईट. पण 4,844 मधून 472 वजा केले तर उरतात 4,372. पाकिटांत 874, पैशांत जवळजवळ 700 पौंड. अल्बम पन्नास टक्के भरला होता आणि काम झालं होतं दहा टक्के.

मनाला हे पटत नाही, कारण डोळ्यांसमोर पानं भरलेली दिसतात. 600 जागा भरल्यावर अल्बम चाळला तर कुठेतरी एखादं भोक दिसतं, बाकी सगळं रंगीत. त्या टप्प्यापर्यंत साधारण 1,441 स्टिकर लागतात. उरलेल्या 82 जागांना 3,403. शेवटच्या दहा जागांनाच सुमारे दोन हजार, म्हणजे 400 पाकिटं. आणि अगदी शेवटची जागा? तिला 682 स्टिकर, 136 पाकिटं, 109 पौंड. सुरुवातीला तेवढ्याच 682 स्टिकरमध्ये 431 जागा भरल्या होत्या. एका कोस्टारिकन राखीव गोलरक्षकाची किंमत 431 खेळाडूंएवढी होऊन बसते, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. शेवटी कोण राहील हे आधी कुणालाच माहीत नसतं, पण कुणीतरी राहणारच.

इथे आणखी एक गैरसमज जन्म घेतो आणि शाळेच्या मैदानावर तो हमखास ऐकू येतो: "तो स्टिकर कंपनी मुद्दाम कमी छापते." भाच्याचीही याबाबत खात्री होती. जिनिव्हा विद्यापीठातल्या सिल्व्हां सार्दी आणि इव्हान व्हेलेनिक या दोन संशोधकांनी 2010 च्या विश्वचषकाच्या वेळी हा संशय तपासायचं ठरवलं. स्वित्झर्लंडमधला तो अल्बम 660 जागांचा होता. त्यांनी 6,000 स्टिकर तपासले, कोणता किती वेळा आला ते मोजलं, आणि कमी छपाईचा पुरावा त्यांना सापडला नाही.

मला यातली मजेची बाजू वेगळीच वाटते. 6,000 स्टिकर 660 प्रकारांत वाटले तर प्रत्येक प्रकार सरासरी 9.1 वेळा यायला हवा. पण "सरासरी" म्हणजे "प्रत्येकी" नव्हे. छपाई शंभर टक्के प्रामाणिक असली तरी एवढ्या ढिगात साधारण चार प्रकार असे निघतील की जे दोनदा किंवा त्याहूनही कमी वेळा आले, आणि चारेक प्रकार अठरा किंवा जास्त वेळा. एखादं पोरगं त्या दोनदा आलेल्या स्टिकरकडे बोट दाखवून "बघा, दुर्मीळ!" म्हणेल आणि आपल्याला ते नाकारता येणार नाही. म्हणून एकट्या स्टिकरकडे बघून काहीच ठरत नाही. सगळ्या प्रकारांचे आकडे एकत्र मांडून, असा पसरटपणा निव्वळ योगायोगाने येतो तेवढाच आहे का त्याहून जास्त, हे बघावं लागतं. आणि प्रत्येक मुलाच्या अल्बममध्ये शेवटी उरलेला स्टिकर वेगळा असतो. खरोखर एखादा कमी छापला असता तर वर्गातल्या बहुतेकांचा तोच अडला असता. हा तपास घरबसल्या करता येतो. मी भाच्याला वर्गात जाऊन विचारायला सांगितलं. सगळ्यांच्या याद्या वेगवेगळ्या निघाल्या.

आणि समजा कंपनीने खरंच एक स्टिकर निम्मा छापला, तर? मला वाटलं होतं हिशेब कोलमडेल. कोलमडत नाही. त्या स्टिकरसाठी सरासरी वाट 682 ची 1,364 होते, पण अल्बमला तशीही 4,844 स्टिकरची वाट बघायचीच आहे. तेवढ्या वेळात तो निम्मा छापलेला स्टिकरही शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना मिळून जातो. एकूण खर्चात वाढ चाळीसेक स्टिकरची. मोठ्या संचात सौम्य दुर्मीळपणा असा गर्दीत लपून जातो. तोच स्टिकर दहावा हिस्सा छापला तर मात्र जवळपास निम्मे लोक 4,844 नंतरही त्याच एकासाठी ताटकळतात आणि सरासरी आठ हजारांच्या पुढे जाते. म्हणजे लबाडी करायची तर चांगली ठसठशीत करावी लागते, आणि ठसठशीत केली की पकडली जाते.

"सरासरी" या शब्दाने ताईला थोडा धीर आला होता. "आपलं नशीब चांगलं असेल तर?" तर थोडं स्वस्तात सुटेल. दहातल्या एका मुलाचा अल्बम साधारण 3,880 स्टिकरच्या आत पूर्ण होतो. दहातल्या एकाला 5,980 हून जास्त लागतात. निम्म्यांचं काम 4,700 च्या आत होतं. पसारा मोठा आहे, पण चांगल्या बाजूला फारशी सवलत नाही. नशीबवानालाही 776 पाकिटं. कमनशिबी मात्र 1,200 च्या पुढे कुठवर जाईल याला वरची मर्यादा नाही, कारण शेवटचा स्टिकर मागच्या सगळ्या पाकिटांचं काहीही लक्षात ठेवत नाही. "आता इतकी फोडली, पुढच्यात असणारच" हा जो हट्ट असतो, त्याला या हिशेबात कुठेच जागा नाही. एक जागा उरली असताना शंभर पाकिटं वाया गेली तरी पुढची अपेक्षा पुन्हा 136 चीच.

एवढं ऐकल्यावर ताईने सरळ विचारलं, "मग करायचं काय? फाडून टाकू?"

आत्तापर्यंतच्या सगळ्या हिशेबात एक मूक अट होती: मुलगा एकटा आहे आणि त्याचे डबल कचऱ्यात जातात. 4,844 मधले 4,162 स्टिकर डबल असतात. तेवढा माल टाकून द्यायचा म्हटल्यावर खर्च वाढणारच. बदलाबदली सुरू झाली की चित्र पालटतं. दोन मुलांनी सगळे स्टिकर एकत्र टाकून दोन अल्बम भरायचे ठरवले, तर माणशी 4,844 ऐवजी सुमारे 3,200 लागतात. एक तृतीयांश खर्च गेला. याच्या मागचं गणित 1960 मध्ये डोनाल्ड न्यूमन आणि लॉरेन्स शेप यांनी सोडवलं. त्यांनी प्रश्नाला आइस्क्रीमच्या डिक्सी कपाचं नाव दिलं होतं, कारण त्या कपांच्या झाकणावर गोळा करायची चित्रं असायची. त्यांच्या उत्तराचं मर्म असं की पहिला संच महाग, त्यावर दुसरा, तिसरा जोडायला फार कमी जास्तीचे लागतात. कारण पहिल्या संचाची वाट बघतानाच दुसऱ्याचा बराचसा माल डबल म्हणून जमलेला असतो.

दहा मुलं जमली तर माणशी साधारण 1,570 स्टिकर, 314 पाकिटं, अडीचशे पौंडांच्या आसपास. हार्पर यांनीही दहा मित्रांसाठी असाच आकडा दिला होता, 247 पौंड. 773 वरून 247, तरीही एका अल्बमसाठी ते बरेच झाले.

दुसरी सोय कंपनीचीच. हव्या त्या क्रमांकाचे सुटे स्टिकर मागवता येतात, फक्त मर्यादित संख्येत. ही मर्यादा 50 धरून सार्दी आणि व्हेलेनिक यांनीही हिशेब केला होता, मीही तीच धरली. सुटा स्टिकर पाकिटातल्यापेक्षा महाग पडतो म्हणून ताई नाक मुरडत होती. पाकिटातला एक 16 पेन्सला पडतो हे खरं, पण 50 जागा उरल्यावर तिथला एक *नवा* स्टिकर 13.6 स्टिकर फोडल्यावर मिळतो. म्हणजे त्याची खरी किंमत 2 पौंड 18 पेन्स. 16 पेन्सचा दर फक्त पहिल्या स्टिकरचा. त्यामुळे सुटा स्टिकर पाकिटाच्या दुप्पट भावाने मिळाला तरी तो स्वस्तच. शेवटचे 50 मागवायचे ठरवले की एकट्या मुलालाही 4,844 ऐवजी 1,776 स्टिकर पुरतात, 355 पाकिटं.

आणि दोन्ही एकत्र केलं तर? दहा मुलं, मोकळी बदलाबदली, शेवटी प्रत्येकाने 50 मागवायचे. माणशी अपेक्षित 775 स्टिकर. 155 पाकिटं! यापेक्षा फारसं खाली जाताच येत नाही. एकही डबल निघाला नाही तरी 632 जागा भरायला 127 पाकिटं लागतातच. भाचा तेव्हा 95 वर होता. म्हणजे त्याला आणखी साठेकच हवी होती. ताईचा "आणखी तेवढेच" हा अंदाज एकट्याच्या हिशेबाने सपशेल चुकला होता, पण या वाटेने गेलं तर तिच्याही खाली काम होत होतं.

प्रत्यक्षात कागदासारखं घडत नाही. कागदावरची दहा मुलं एकमेकांना डबल देताना भाव करत नाहीत. मैदानावर संघाचं चमकतं बोधचिन्ह द्यायचं तर दोन साधे मागितले जातात आणि मेस्सीच्या बदल्यात पाच. गणितात चमकीला भाव नाही. सगळे सारख्याच संख्येने छापले असतील तर चमकता स्टिकर मिळायला साध्याइतकाच सोपा असतो. त्यामुळे भाच्याला मी सांगितलं की तुझ्याकडे चमकता डबल असेल तर खुशाल दोन साधे घे, आणि तुला चमकता हवा असेल तर घाई करू नको. दुसरी अडचण याद्यांची. कुणाला कोणता हवा हे लक्षात ठेवून बदलाबदली करायला गेलं की निम्मे सौदे राहून जातात. ताईने एका कागदावर 1 ते 682 चा तक्ता छापला, प्रत्येक मुलाला एक प्रत दिली, आणि मिळालेल्या आकड्यावर काट मारायला लावली. तिसरी अडचण म्हणजे गळती. ज्याचा अल्बम जवळजवळ भरला तो पाकिटं घेणं थांबवतो, ज्याचा संघ हरला त्याचा उत्साह जातो. जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडल्यावर एकजण अल्बमच सोडून बसला.

शेवटपर्यंत सात मुलं टिकली. सातांसाठी हिशेब पुन्हा केला: माणशी सुमारे 830 स्टिकर, 166 पाकिटं, आणि 50 सुटे. जुलैच्या मध्यावर फ्रान्सने क्रोएशियाला हरवून चषक उचलला त्या आठवड्यात भाच्याची 171 पाकिटं भरली होती, 136 पौंड 80 पेन्स. ताईने सुट्या स्टिकरची मागणी नोंदवली, बरोबर 50 ची. तो लिफाफा आला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. भाच्याने एका दुपारी सगळे चिकटवले आणि फोन केला. मी अभिनंदन केलं, तर म्हणाला, "मामा, डबल अजून खोकाभर उरलेत. 2022 ला चालतील का?"